‘गोड वाक्यं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

वाचताना अडखळणाऱ्या मुलांना धीर देणाऱ्या वाक्यांबद्दल मी एक लेख लिहिला होता. त्यावर वाचकांचं म्हणणं असं :

“ताई, गोड गोड वाक्यं म्हणून कुणाला वाचता येत नाही. मुलाला सराव हवा. तुमच्या घरी असं मूल असतं तर हा लेख लिहिलाच नसता. शिवाय लेख फार लांबलाय.”

लेख लांबला, मान्य. शेवटचे दोन परिच्छेद कापायला हवे होते. सराव हवाच, त्यावर वाद नाही.

पण ‘तुमच्या घरी असं मूल असतं तर’? होतं ना. माझा धाकटा भाऊ. चौथीतसुद्धा ‘भरत’चं ‘मरत’ वाचायचा, ‘घर’चं ‘धर’. वर्गात उभं करून वाचायला लावत आणि मुलं हसत. घरी आत्या ‘बिचारा’ म्हणायची, आई ‘तू खूप हुशार आहेस रे’ म्हणायची. एके दिवशी तो आईला म्हणाला, “खोटं नको बोलूस.” आत्याची कीव आणि आईचं कौतुक, दोन्ही त्याला सारखंच टोचत होतं. हे मी पाहिलंय. तुम्ही न विचारता ठरवून टाकलंत, याचा राग आलाय आणि तो लपवणार नाही.

आईचं वाक्य का फसलं? 2009 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमीपणा वाटत होता, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं मनाशी म्हणायला लावल्यावर अधिकच वाईट वाटलं. मन लगेच उलट पुरावे काढतं. म्हणून वाक्य असं हवं, की जे मुलाला खोडून काढता येणार नाही.

सध्या मी पाचवीतल्या एका मुलासोबत वाचायला बसते. परवा त्याने ‘सूर्याच्या’चं ‘सूयाच्या’ वाचलं. रफार दिसतो ‘या’च्या डोक्यावर, पण उच्चारायचा त्याच्या आधी, त्यामुळे तो हमखास सुटतो. तो थांबला, बोट मागे नेलं, पुन्हा नीट वाचलं. मी ‘शाब्बास’ म्हटलं नाही. म्हटलं, “सुटलेला रफार तू स्वतः पकडलास. मी सांगितलं नव्हतं.” मग त्याने वहीत स्वतःच लिहिलं : ‘अडलं की मी मागे जाऊन बघतो.’ आता वाचायला बसण्याआधी तो हेच म्हणतो. या वाक्याने त्याला रफार येत नाही, तो सरावानेच येणार. पण अडल्यावर तो पुस्तक मिटत नाही. तुमचा तो सराव करायला मूल जागेवर बसलेलं तर हवं!

‘वाचन नसेना का, चित्रं किती छान काढतोस’ हेही मी टाळते. मुलाला त्यातली समजूत बरोबर ऐकू येते. वाक्य चुकलं की मूल नुसतं ‘हं’ म्हणतं आणि पान उलटतं. तसं झालं की मी ते वाक्य सोडून देते, पुढच्या वेळी जास्त बारकाईने बघते.

वाक्यांबद्दल हवं तेवढं भांडा, उत्तर देईन. माझ्या घरात कोण होतं, याचे अंदाज मात्र यापुढे नकोत.