लिलाव झाला नाही म्हणून 88 लीज रद्द झाली का?

"खाणीचे लीज कोणाला द्यायचे, हा सरकारच्या धोरणाचा विषय. 2014 साली सुप्रीम कोर्टानेच सांगितले की लिलाव सक्तीचा नाही, आणि 2018 साली त्याच कोर्टाने लिलाव केला नाही म्हणून गोव्याची 88 लीज रद्द केली. सरकारने हायकोर्टाचा आदेश पाळला, तरी शिक्षा गोव्यालाच झाली. धोरण ठरवायला आम्ही सरकार निवडून देतो, न्यायाधीश नव्हे."

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतल्या गटांवर हा मजकूर वारंवार फिरतो. तो पुढे पाठवणाऱ्यांत कर्ज काढून ट्रक घेतलेले आणि मग तो अंगणात उभा करून ठेवावा लागलेले लोक आहेत. त्यांच्या संतापाला कारण आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मजकुरातली विधाने एकेक करून निकालाशी ताडून पाहिली, तर बहुतेक ठिकाणी ती निकालाच्या नेमकी उलट जातात.

सुरुवात लिलावापासून करतो. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी दिलेल्या निकालाच्या शेवटी निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडले आहेत. नवी खाण लीज स्पर्धात्मक बोलीने किंवा लिलावानेच देण्याचे कोणतेही घटनात्मक बंधन गोवा सरकारवर नव्हते, असे त्यांतला एक निष्कर्ष स्पष्ट शब्दांत सांगतो. म्हणजे 2014 चे म्हणणे 2018 मध्ये मोडले गेले नाही, उलट पुन्हा नोंदवले गेले. त्याआधी, सप्टेंबर 2012 मध्ये, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देतानाही सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली होती. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या वाटपासाठी लिलाव हा एकच मार्ग राज्यघटनेने सांगितलेला नाही, सरकार दुसरा मार्ग निवडू शकते, मात्र निवडलेला मार्ग मनमानीचा असेल तर समानतेच्या अनुच्छेद 14 खाली त्याची तपासणी होईल, असे ते मत होते. लिलाव की अर्ज, मोठे लीज की लहान, स्थानिकांना प्राधान्य द्यायचे की नाही, ही निवड सरकारकडेच राहिली आणि न्यायालयाने तिला हात लावला नाही.

मग रद्द काय झाले? त्यासाठी खाण आणि खनिजे कायद्याच्या कलम 8 कडे यावे लागते, आणि तिथे थोडे थांबावे लागते, कारण सगळे प्रकरण त्या कलमातल्या चार-पाच शब्दांवर उभे आहे. पोर्तुगीज राजवटीतल्या खाण सवलतींचे रूपांतर 1987 च्या कायद्याने लीजमध्ये झाले. ती लीज 22 नोव्हेंबर 1987 रोजी संपली असे धरले जाते. पहिल्या नूतनीकरणाची जास्तीत जास्त 20 वर्षे 22 नोव्हेंबर 2007 रोजी भरली, आणि त्यानंतर झालेले उत्खनन बेकायदा होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी ठरवले. पहिल्या नूतनीकरणानंतर आणखी मुदत हवी असेल, तर कलम 8 चे पोटकलम 3 लागू होते. राज्य सरकारचे असे मत झाले पाहिजे की खनिज विकासाच्या हितासाठी हे नूतनीकरण आवश्यक आहे, आणि त्याची कारणे नोंदवली पाहिजेत, असे ते पोटकलम त्या वेळी सांगत होते.

कायद्याने इथे सरकारला स्वेच्छाधिकार दिला, पण त्याभोवती कुंपणही घातले. मत हवे, म्हणजे कोणीतरी विचार केलेला असला पाहिजे. ते मत खनिज विकासाच्या हिताबद्दल हवे, दुसऱ्या कशाबद्दल चालणार नाही. नूतनीकरण "आवश्यक" हवे, नुसते सोयीचे असून भागत नाही. आणि कारणे कागदावर हवीत. ही कारणे आदेशातच सापडली पाहिजेत, नंतर प्रतिज्ञापत्रात घालून ती पुरी करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी आधीपासून सांगितले आहे.

या कुंपणाला निर्णय कुठे भिडला, ते आता पाहू. नूतनीकरण केवळ राज्याचा महसूल वाढावा म्हणून केले गेले, आणि तो हेतू पोटकलम 3 च्या कक्षेबाहेरचा आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. इथे अनेकांचा गैरसमज होतो. महसूल हवा असणे वाईट आहे असे न्यायालय म्हणत नाही. 2012 पासून खाणी बंद, तिजोरीवर ताण, हजारो कुटुंबे अडचणीत, अशा वेळी महसुलाचा विचार कोणतेही सरकार करील. अर्थसंकल्प मांडताना तो विचार योग्यच आहे. पण या कलमाने जी किल्ली दिली ती एकाच कुलपाची होती, आणि ती दुसऱ्याच दाराला लावली गेली. कायदेशीर धोरण आणि मनमानी यांतली रेघ न्यायालय स्वतःच्या आवडीनिवडीवरून ओढत नाही. अधिकार देणारे कलम कोणत्या कारणासाठी अधिकार देते आणि तो प्रत्यक्षात कोणत्या कारणासाठी वापरला गेला, हे दोन कागद शेजारी ठेवून ती ओढली जाते.

दुसरा भाग घाईचा आहे. 88 लीजचे दुसरे नूतनीकरण नोव्हेंबर 2014 ते 12 जानेवारी 2015 या काळात झाले, आणि त्यांपैकी 31 एकट्या 12 जानेवारी या दिवशी झाली. त्याच दिवशी केंद्राचा अध्यादेश निघाला. जुनी नूतनीकरणाची पद्धत संपवून लिलावाची पद्धत आणणारा तो अध्यादेश होता. कचेरीचा दिवस आठ तासांचा धरला, तर एका लीजच्या वाट्याला जेमतेम 15 मिनिटे येतात.

यावर एक रास्त उत्तर दिले जाते, आणि ते टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. फायलींची तयारी आधीच झाली असेल आणि शेवटच्या दिवशी फक्त सह्या झाल्या असतील, तर घाई कुठे झाली? तसे असते तर एका दिवसात 31 सह्या हा दोष ठरला नसता, हे मीही मान्य करतो. नुसता वेग बेकायदा नसतो. म्हणून एका लीजची फाईल कशी दिसायला हवी होती, याची कल्पना करून पाहा. धारकाचा अर्ज असेल. परवानगीपेक्षा जास्त उत्खनन झाले का, याची आकडेवारी असेल. लीजच्या हद्दीबाहेर खणले गेले का, याचा पाहणी अहवाल असेल. किती देणे थकले आहे, त्याचा हिशोब असेल. शेवटी, या धारकाकडे हे लीज आणखी 20 वर्षे राहणे खनिज विकासासाठी का आवश्यक आहे, हे सांगणारा निदान एक परिच्छेद असेल, आणि तो शेजारच्या लीजच्या फाईलमधल्या परिच्छेदापेक्षा वेगळा असेल, कारण दोन खाणींचा इतिहास एकच नसतो. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत मांडला गेला होता, म्हणजे गैरप्रकारांचे साहित्य सरकारच्या समोर होते. संबंधित सगळे साहित्य विचारात न घेता, हाती असलेले साहित्य बाजूला ठेवून, अवाजवी घाईने निर्णय झाला, असे न्यायालयाने म्हटले. हे तीन दोष एकत्र वाचावे लागतात. घाई स्वतंत्र गुन्हा म्हणून तिथे येत नाही, विचार झाला नाही याचा पुरावा म्हणून येते.

हायकोर्टाच्या आदेशाचा मुद्दा या मजकुरातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 13 ऑगस्ट 2014 रोजी, ज्या धारकांनी मुद्रांक शुल्क भरले होते त्यांच्याशी लीजचे करार करण्याचा निर्देश दिला होता, हे खरे आहे. पण एप्रिल 2014 च्या निकालानंतर जुनी लीज उरलीच नव्हती, त्यामुळे सरकारवर जबाबदारी होती ती कायद्यानुसार नवी लीज देण्याची, दुसरे नूतनीकरण करण्याची नव्हे. उच्च न्यायालयाचा निर्देश वरच्या न्यायालयाच्या निकालाशी जुळत नाही असे दिसल्यावर सर्वोच्च न्यायालयात जाऊन खुलासा मागण्याचा रस्ता सरकारला मोकळा होता. 2018 च्या निकालाने उच्च न्यायालयाचा तो आदेशही याच कारणासाठी रद्द केला. शिवाय "करार करा" या निर्देशाने पोटकलम 3 मधली कारणे नोंदवण्याची अट पुसली जात नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने स्वतः विचार करायचा असतो, आणि कोणाच्या सांगण्यावरून तो विचार सोडून देणे हाही स्वेच्छाधिकार न वापरण्याचाच प्रकार आहे.

न्यायाधीशांनी धोरणात पडू नये, या आक्षेपाला मात्र एका जागी मी वजन देतो. 2014 च्या निकालाने, तज्ज्ञ समितीचा अंतिम अहवाल येईपर्यंत, गोव्यातल्या लोहखनिजाच्या उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. किती खणावे हा आकडा धोरणाचाच असतो, आणि तो न्यायालयातून आला, अंतरिम म्हणून का होईना. त्यावर टीका करायची असेल तर जरूर करावी, तिथे आधार आहे. पण 88 लीज रद्द होण्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. तिथे न्यायालयाने सरकारच्या जागी आपला निर्णय बसवला नाही, फक्त सरकारचा निर्णय कायद्याने सांगितलेल्या रीतीने घेतला गेला नाही म्हणून तो रद्द केला.

आणि शिक्षा गोव्याला झाली, या म्हणण्याबद्दल. धारकांना आवराआवर करायला 15 मार्च 2018 पर्यंत, म्हणजे पाच आठवड्यांच्या आसपास, वेळ मिळाला. ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले यांना तेवढाही पूर्वविचार करता आला नाही, आणि त्यांचा कोणत्याही फाईलशी काही संबंध नव्हता. हे नुकसान खरे आहे. पण 16 मार्चपासूनची बंदी निकालात कायमची लिहिलेली नाही. नवी लीज आणि नवी पर्यावरण परवानगी दिली जाईपर्यंत, अशी तिची मुदत निकालातच आहे. नवी लीज देण्याचा अधिकार सरकारकडे दुसऱ्या दिवशीही होता, फक्त 2015 नंतरच्या कायद्यात रस्ता लिलावाचा होता. राज्यातल्या पहिल्या चार खाण ब्लॉकचा लिलाव डिसेंबर 2022 मध्ये झाला.