पहिला स्टिकर बरोबर आला ना? मग झालं!

तुमच्या मंडळाची, वाचनालयाची किंवा सोसायटीची दोनशे-सव्वादोनशे निमंत्रणं टपालानं जायची आहेत आणि पत्त्यांचे स्टिकर छापायचं काम तुमच्याकडे आलंय, तर आधी अभिनंदन. हे काम ज्याला ‘कॉम्प्युटरचं कळतं’ त्याच्याकडेच येतं. मी आमच्या वाचनालयासाठी ते तीन वर्षं केलं. चौथ्या वर्षी माझ्याकडून काढून घेतलं गेलं. म्हणून हा अनुभवसिद्ध सल्ला.

दुकानात जाऊन ‘चोवीसचं शीट’ मागा. ए-फोर कागद, तीन उभे रकाने, आठ आडव्या ओळी, एकेक स्टिकर ६४ बाय ३४ मिलिमीटर. पाकिटावर ही मापं छापलेली असतात, ती वाचू नका. घरी येताच Word उघडा, `Mailings` मध्ये जाऊन `Start Mail Merge` खालचं `Labels` निवडा. तिथे कंपन्यांची आणि शीटच्या नंबरांची लांबच लांब यादी येईल. त्यातला ओळखीचा वाटणारा कुठलाही नंबर घ्या. `5160` हा तर फार लोकप्रिय आहे. तो तीस स्टिकरचा, दहा ओळींचा आणि अमेरिकेतल्या Letter कागदासाठीचा आहे, म्हणजे आपल्या ए-फोरपेक्षा साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि साडेसतरा मिलिमीटर आखूड. पण परदेशी माल म्हटल्यावर थोडं जुळवून घ्यायला नको का?

काही हट्टी माणसं `New Label` वर जाऊन आपल्या शीटची मापं स्वतः भरतात. तुम्ही त्यातलेच असाल, तर निदान पट्टी तरी मुलाच्या कंपासपेटीतली घ्या, शून्याकडचं टोक झिजलेली. एकच स्टिकर मोजा, साडेतेहतीस मिलिमीटर आला की लिहून मोकळे व्हा. खरं तर पहिल्या स्टिकरच्या वरच्या कडेपासून आठव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजून त्याला सातानं भागायचं असतं. २३८ येतात, भागिले ७, म्हणजे बरोबर ३४. अंतर लांब घेतलं की पट्टीची चूक सात जागी वाटली जाते. पण एवढा भागाकार करायला आपण काय पाटबंधारे खात्यात आहोत?

या अर्ध्या मिलिमीटरचं पुढे काय होतं, ते मात्र बघण्यासारखं असतं. `Vertical pitch` म्हणजे एका स्टिकरच्या माथ्यापासून खालच्या स्टिकरच्या माथ्यापर्यंतचं अंतर. तिथे ३४ ऐवजी ३३.५ भरलं की पहिली ओळ अगदी जागेवर येते. दुसरी अर्धा मिलिमीटर वर सरकते, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आठव्या ओळीपर्यंत साडेतीन मिलिमीटर जमतात. आमच्या पहिल्या वर्षी आठव्या ओळीतल्या एका आजीव सभासदांच्या नावाची शिरोरेखा, वेलांट्या आणि रफार सातव्या स्टिकरच्या तळाशी छापले गेले आणि बिनडोक्याची अक्षरं आठव्यावर राहिली. सातव्या स्टिकरवाल्यांना आपल्या पिनकोडखाली ही नक्षी कसली, ते कळेना. त्यांनी ती वाचनालयाची नवी मुद्रा समजून घेतली.

तुम्ही फक्त पहिला स्टिकर बघा. तो बरोबर आला की नऊच्या नऊ शीट एकदम ट्रेमध्ये भरा. (२१२ पत्ते भागिले २४, म्हणजे आठ शीट पूर्ण आणि नवव्यावर वीस.) छापताना प्रिंटर `Fit` की `Actual size` असं विचारेल. `Fit` म्हणा. नावातच फिट आहे, अनफिट कशाला निवडायचं? `Fit` सगळं पान किंचित आक्रसून प्रिंटरच्या छापता येणाऱ्या जागेत बसवतो. समजा ९७ टक्के केलं. आठ ओळींची मिळून उंची २७२ मिलिमीटर, तिचे तीन टक्के म्हणजे आठ मिलिमीटर गेले. पान मध्यावर धरून आक्रसलं, तर वरची कड चार मिलिमीटर खाली येते आणि खालची चार मिलिमीटर वर जाते. मधल्या ओळी मात्र ठणठणीत असतात, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे यावर समितीत तासभर चर्चा होऊ शकते.

ही चर्चा टाळणारा एक अत्यंत अरसिक उपाय आहे. आधी साध्या कागदावर एक पान छापायचं, ते कोऱ्या स्टिकर शीटवर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला टेकवायचे आणि उजेडात बघायचं. सगळा मजकूर सारखाच सरकलेला दिसला, तर चूक समासात आहे, `Top margin` किंवा `Side margin` मध्ये. वरून खाली येताना चूक वाढत गेली, तर ती `Vertical pitch` ची. मध्य बरोबर आणि वरची-खालची टोकं एकमेकांकडे ओढलेली दिसली, तर `Fit` ची कृपा. एका रुपयाच्या कागदात आणि दोन मिनिटांत सगळं कळतं, म्हणून कुणी हे करत नाही.

आता पत्ते. आपल्याकडे पत्ता हा ललित लेखनाचा प्रकार आहे. ‘दुसरा मजला, पिठाच्या गिरणीवर, शंकराच्या देवळामागची गल्ली, जुन्या तालमीजवळ, टांग्याचा स्टँड होता तिथून डावीकडे.’ हे सगळं एकाच चौकटीत भरा. ३४ मिलिमीटर उंचीतून वरखाली दोन-दोन मिलिमीटर सोडले की तीस उरतात. अकरा पॉइंटच्या साध्या इंग्रजी फाँटात तिथे सहा ओळी बसतात. देवनागरीत तोच आकार ‘मंगल’ फाँटात घेतला, तर वरच्या मात्रांना आणि खालच्या उकारांना जागा ठेवण्यासाठी ओळीची उंची बरीच वाढते आणि जेमतेम चार ओळी मावतात. पाचवी कुठे जाते? स्टिकरच्या तक्त्यात चौकटींच्या आडव्या रांगेची उंची `Exactly` वर बांधलेली असते, त्यामुळे पाचवी ओळ चुपचाप कापली जाते. आणि पाचवी ओळ बहुधा गाव आणि पिनकोड हीच असते. गल्ली, गिरणी, तालीम, टांगा सगळं शाबूत, फक्त गाव कुठलं ते पोस्टमननं ओळखायचं. ते खटकलं, तर कुणीतरी तुम्हाला उंची `At least` करायला सांगेल. अवश्य करा. मग लांब पत्ता आपली चौकट फुगवतो, खालच्या सगळ्या ओळींना ढकलतो आणि शेवटचे तीन पत्ते पुढच्या पानावर जाऊन बसतात. तिथून पुढचं एकही पान पुन्हा मार्गावर येत नाही.

(‘टांग्याचा स्टँड’ हा तुकडा काढून टाकला तर? एकदा सुचवलं होतं. ज्यांचा पत्ता होता ते दोन महिने बोलले नाहीत.)

Excel मधल्या पत्त्यांच्या यादीत पिनकोडचा स्वतंत्र रकाना ठेवलात, तर त्यात विविधता आणा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होते. तेव्हा थोडं काव्य आपणही करू. निम्म्या सभासदांचे पिन `411030` असे सलग भरा आणि बाकीच्यांचे `411 030` असे मध्ये जागा सोडून. Excel पहिल्याला आकडा मानून चौकटीत उजवीकडे टेकवतो आणि दुसऱ्याला मजकूर मानून डावीकडे. एकाच रकान्यात असे दोन पक्ष दिसले, तर लक्ष देऊ नका. मर्ज करताना, म्हणजे ही यादी Word मधल्या स्टिकरांत भरताना, रकान्याच्या पहिल्या काही ओळी बघून तो आकड्यांचा की मजकुराचा हे ठरवलं जातं, आणि आकड्यांचा ठरला तर जागा सोडलेले पिन ० म्हणून छापले जाऊ शकतात. सगळ्या पिनमधली मोकळी जागा काढून ते सलग केले, तर हा प्रश्नच उरत नाही. पण मग आमच्या खजिनदारांना ‘पुणे, ०’ या पत्त्यावर निमंत्रण मिळालं नसतं. तसं त्यांना ते मिळालंच नाही म्हणा, पाकीट परत आलं.

आणखी एक छोटं बटण आहे, `Update Labels`. पहिल्या चौकटीत नाव-पत्त्याची मांडणी केल्यावर ते दाबायचं असतं. त्यानं तीच मांडणी उरलेल्या तेवीस चौकटींत जाते आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला `«Next Record»` बसतं, म्हणजे ‘आता यादीतला पुढचा माणूस घे’ ही खूण. हे बटण टाळून पहिली चौकट हातानं कॉपी करून तेवीस ठिकाणी चिकटवा. ती खूण नसल्यामुळे पहिल्या शीटवर चोवीस वेळा अध्यक्षच येतील, दुसऱ्यावर चोवीस वेळा उपाध्यक्ष, आणि नऊ शीट कार्यकारिणीतच संपतील. काही संस्थांना ही मांडणी अधिक पसंत पडेल.

एखादा स्टिकर फाटला आणि तोच नेमका कुठे होता हे शोधायचं असेल, तर शीट एकेक करून चाळा, रविवार चांगला जातो. अनुक्रमांक `A2` मध्ये असेल, तर पान, ओळ आणि रकाना Excel सुद्धा सांगतो:

```
=INT((A2-1)/24)+1
=INT(MOD(A2-1,24)/3)+1
=MOD(A2-1,3)+1
```

१०१ क्रमांकाचे सभासद पाचव्या पानावर, दुसऱ्या ओळीत, मधल्या रकान्यात. पण त्यात शोधाशोधीची गंमत कुठे?

शेवटच्या शीटवर चार कोरे स्टिकर उरतील. ते फेकू नका, आपले संस्कार तसे नाहीत. जपून ठेवा, आणि ऐनवेळी चार पत्ते वाढले की वीस खिडक्या उघड्या पडलेलं ते शीट पुन्हा लेझर प्रिंटरमधून काढा. लेझरमध्ये शाई कागदावर तापलेल्या रुळानं भाजून बसवतात. एकदा आत जाऊन आलेल्या शीटचा गोंद मऊ पडतो, उरलेल्या स्टिकरच्या कडा उचलल्या जातात, आणि रुळाला वळसा घालताना एखादा कागद सोडून आतच मुक्काम करतो. हातानं लिहिले असते तर चार पत्त्यांना तीन मिनिटं लागली असती.

आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे मी ते शीट घातलं, तेव्हा चारपैकी तीनच स्टिकर बाहेर आले. तो सज्जन माणूस, काही बोलला नाही. गेल्या आठवड्यात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेलो, तर पानाच्या मधोमध एक पांढरा आयत. घरी आणून पट्टीनं मोजला. ६४ बाय ३४.