‘डॉलर चढला, भाव उतरवा’: काजू बीच्या आयातीवरच्या एका मेसेजला उत्तर

«रुपया पडला की परदेशी सप्लायरची चांदी होते. म्हणून: १) लगेच मेल टाका, ‘डॉलर महागला, भाव उतरवा’. त्याला उतरवावाच लागतो. २) कोटेशन म्हणजे काही करार नव्हे, ऑर्डर दिल्यावरही भाव बदलून मागता येतो. ३) नाही ऐकलं तर कागद सोडवू नका, माल बंदरात पडू द्या. दोन आठवड्यांत वठणीवर येतो. ४) फॉरवर्ड वगैरे बँकेचे धंदे, त्यात पैसे घालू नका. सर्व कारखानदार बांधवांना पाठवा.»

कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, जिथे जिथे काजूचा कारखाना आहे तिथल्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. आपल्याकडची बी वर्षभर पुरत नाही, आफ्रिकेची आणावी लागते, त्यामुळे रुपया हलला की पोटात गोळा येतो हे खरंच. पण या सल्ल्याने वागणारा भाव तर मिळवणार नाहीच, वर पुढच्या हंगामात सप्लायर शोधत बसेल.

पहिल्या मुद्द्यातच सगळी गोम आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. आयव्हरी कोस्टच्या निर्यातदाराने टनाला १,३०० डॉलर भाव दिला असेल, तर आपल्याकडे डॉलर ७७ चा ८० झाला काय नि ९० झाला काय, त्याच्या खात्यात १,३०० डॉलरच पडतात. आपला रुपया त्याच्या वहीत कुठेच नाही. ‘आमचा रुपया पडला’ असा मेल वाचून त्याला एवढंच कळतं, की गिऱ्हाईक अडचणीत आहे. आणि ते कळल्यावर मुरलेला व्यापारी भाव उतरवत नाही, ॲडव्हान्स वाढवून मागतो.

त्याच्या वहीत असतं त्याच्या देशाचं चलन, सीएफए फ्रँक. शेतकऱ्याची बी, मजुरी, गोदामाचं भाडं, बंदरापर्यंतचा ट्रक, सगळं तो फ्रँकमध्ये भागवतो. हा फ्रँक युरोला बांधलेला आहे: १ युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक, त्यात रोजचा चढउतार नाही. म्हणजे युरो डॉलरसमोर पडला, की तेवढ्याच डॉलरचे त्याला जास्त फ्रँक मिळतात. भाव कमी मागायला आधार हवा तो इथला, युरो-डॉलरचा. रुपया-डॉलर हे आपलं दुखणं, ते त्याच्या गळ्यात मारता येत नाही.

२०२२ सालचे दर घेऊन हिशेब मांडू. भाव आणि वजन मी सोयीसाठी गोल घेतलंय. मेअखेर कोटेशन आलं: १०० टन, टनाला १,३०० डॉलर, न्हावाशेवापर्यंतच्या भाड्यासकट. तेव्हा १ युरोला साधारण १.०७ डॉलर पडत होते आणि डॉलर ७७ रुपये ६० पैशांच्या आसपास होता. वाटाघाटी लांबल्या आणि जुलैचा मध्य उजाडला. तोवर युरो डॉलरच्या बरोबरीला आला होता आणि डॉलर गेला होता ७९.९० वर. आपल्या बाजूने बिल १ कोटी ८८ हजारांचं १ कोटी ३ लाख ८७ हजार झालं, म्हणजे जवळजवळ ३ लाखांचा फटका.

आता त्याची बाजू बघा. मेमध्ये त्याला एका डॉलरचे ६१३ फ्रँक मिळाले असते, जुलैत ६५६. डॉलरमागे ४३ फ्रँक जास्त. मात्र १,३०० मधलं जहाजाचं भाडं तो डॉलरमध्येच भरतो. ते टनाला १२० धरलं तर फायदा उरलेल्या १,१८० डॉलरवर. १,१८० गुणिले ४३ म्हणजे सुमारे ५०,७०० फ्रँक, जुलैच्या दराने ७७ डॉलर. कोटेशन दिल्यापासून काहीही न करता टनामागे एवढे त्याच्या पदरात पडले. त्यातले निम्मे, म्हणजे ३८ डॉलर आपण मागितले, तर १०० टनांवर ३,८०० डॉलर, रुपयांत ३ लाखांच्या किंचित वर. आपला फटका भरून निघतो, आणि रुपयाचा शब्दही काढावा लागत नाही.

हाच माणूस टांझानियाचा असता तर? त्या दीड महिन्यात तिथला शिलिंग डॉलरसमोर जवळजवळ जागेवरच होता. म्हणजे रुपयाचा फटका तोच, पण मागायला तोंड नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हा फरक केलेलाच नाही.

मागण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. प्रोफॉर्मावर, म्हणजे सप्लायरच्या कच्च्या बिलावर, बँक कुठली आहे ते पाहा. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानची असेल तर बहुधा पैसे फ्रँकमध्ये बदलले जाणार. दुबई किंवा सिंगापूरची असेल तर समोर ट्रेडिंग कंपनी असण्याची शक्यता जास्त. तिने बी डॉलरमध्येच घेतलेली असते, युरो पडल्याचा फायदा तिच्या मागच्या माणसाने कधीच खिशात घातलेला असतो. दुसरं म्हणजे, निर्यातदाराने येणारे डॉलर आपल्या बँकेला आधीच ठरलेल्या दराने विकून ठेवले असतील, तर त्यालाही काही मिळालेलं नाही. हे सरळ विचारावं. खरंच विकले असतील तर तो कोणत्या तारखेला, किती मुदतीसाठी हे सांगतो. नुसतं ‘बँक रेट फिक्स’ म्हणून विषय बदलणाऱ्याला आणखी एकदा विचारायला हरकत नाही.

मेल कसा असावा? मी असा लिहिला असता:

‘३१ मेच्या आपल्या कोटेशनमध्ये टनाला १,३०० डॉलर भाव होता. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराप्रमाणे त्या दिवशी युरो १.०७ होता, आज १.०० आहे. आपला बराचसा खर्च फ्रँकमध्ये असल्याने या फरकाचा निम्मा भाग आम्हाला द्यावा, म्हणजे भाव १,२६२ व्हावा, अशी विनंती. माल जहाजात चढल्याच्या, म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या तारखेला युरो पुन्हा १.०७ किंवा वर गेला, तर आम्ही १,३०० देऊ. मान्य असल्यास तीन दिवसांत सही करून ॲडव्हान्स पाठवतो.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. जुलैपर्यंत त्याच्या गोदामातही माल पडून असतो, पैसे अडकलेले असतात, त्याला सही हवी असते. आणि वर गेल्यास वर देऊ म्हटल्यामुळे हा माणूस फक्त आपल्या सोयीचं बघत नाही, हे त्याला दिसतं. संदर्भ दर त्रयस्थाचा घेतला की ‘तुमच्या बँकेचा का आमच्या’ हा वादच उरत नाही.

दुसऱ्या मुद्द्यातलं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं साफ चूक. कोटेशन स्वीकारेपर्यंत आपण मोकळे असतो, आणि मुदत बांधून दिली नसेल तर तोही. युरो चढला तर तोच आपल्याला भाव वाढवून पाठवेल. पण प्रोफॉर्मावर सही झाली, की करार झाला. खर्च वाढला म्हणून ठरलेला दर मोडता येत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच अलोपी परशाद विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सांगितलंय. तिथे सैन्यासाठी तूप पुरवणाऱ्या एजंटांनी युद्धामुळे परवडत नाही म्हणून जादा दर मागितला होता, तो मिळाला नाही. करारात परक्या देशाचा कायदा लिहिला असेल तर तो वेगळा पाहावा लागेल, पण विनिमय दर हलला म्हणून सुटका होईल अशी आशा तिथेही धरू नये. एलसी, म्हणजे बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र, उघडली असेल तर गाठ आणखी पक्की: यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या कलम १० प्रमाणे एलसी उघडणारी बँक आणि ज्याच्या नावे एलसी आहे तो सप्लायर, दोघांच्या संमतीशिवाय तिच्यातला आकडा बदलत नाही. तेव्हा मेल जायचा तो सहीच्या आधी. नंतर मागायचंच असेल तर पुढच्या लॉटसाठी मागा.

तिसरा मुद्दा वाचून मला राग आला. हे कधीकधी चालतं, नाही असं नाही. आपल्या बंदरात उतरलेला माल दुसऱ्याला विकायचा तर सप्लायरला आपलं ना-हरकत पत्र लागतं, तेच धरून त्याला अडवायचं. पण त्याचा खर्च कोण भरतो? बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडची नोंद, उशिरा भरली तर कस्टम्स पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकारतं. शिपिंग लाइनचं कंटेनर अडवल्याचं भाडं आणि यार्डाचं भाडं वेगळंच. दोन आठवडे म्हणजे काय, ते या दराने मांडून बघा. त्यात जुलैचा पाऊस. बंद कंटेनरमध्ये बी घामेजते, बुरशी धरते, गर काळवंडतो. एवढं करून सप्लायर नमलाच, तरी दलालांच्या एका फोनवर आपलं नाव आबिजानपर्यंत पोचतं. व्हिएतनामचे खरेदीदार त्याच बीसाठी रांगेत उभे असताना तो पुन्हा आपल्याला कशाला विकेल?

चौथ्याबद्दल थोडक्यात. रुपया-डॉलरच्या फटक्यावर इलाज आपल्याच बँकेत आहे: फॉरवर्ड, म्हणजे पुढे लागणाऱ्या डॉलरचा दर आजच ठरवून ठेवणं. २०२२ च्या त्या दिवसांत दीड महिन्याच्या फॉरवर्डला अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर प्रीमियम पडत होता, आणि रुपया हलला तीन टक्के. अडचण एकच: सही व्हायच्या आधी फॉरवर्ड घेतला आणि सौदा फिसकटला, तर तो रद्द करताना तोटा होऊ शकतो. म्हणून सही झाली त्याच दिवशी घ्यावा. आणि फॉरवर्ड घेतला तरी ड्युटी मोजली जाते ती बिल ऑफ एंट्रीच्या दिवशी लागू असलेल्या कस्टम्सच्या दराने, बँकेशी ठरलेल्या दराने नाही.

आता मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. भाव उतरवून मिळाला, की लगेच आऊटटर्नचं कलम पुन्हा वाचा. ८० किलोच्या पोत्यातून ४८ पौंड गर, असं ठरलं असेल तर १,३०० डॉलर भावात एका पौंडाची किंमत २७ डॉलर होते. दीड पौंड कमी निघाला की ३८ डॉलरची सूट त्याने परत घेतली असं समजा. सप्लायर ते मुद्दाम करेल असं नाही, पण सूट दिलेल्या सौद्यात तो चांगला लॉट आपल्यासाठी राखून ठेवणार नाही. म्हणून भावाच्या दुरुस्तीच्या त्याच कागदावर तिन्ही गोष्टी लिहून घ्या: आऊटटर्न माल उतरल्यावर त्रयस्थ सर्व्हेयर काढेल, ४८ च्या खालच्या प्रत्येक पौंडाला त्या प्रमाणात पैसे वजा होतील, आणि ४५ च्या खाली माल नाकारता येईल.