चवथीच्या पंगतीआधी येणारा पगाराचा प्रश्न

चवथीला सगळे मूळ घरी जमतात. आरती संपल्यापासून पानं मांडेपर्यंतच्या वेळात प्रश्न हमखास येतो, "काय रे बाबू, हातात किती पडतात?" चौकीवर दहाबारा माणसं बसलेली असतात आणि सगळ्यांचे कान तिकडेच लागतात.

विचारणारे काका पुष्कळदा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असतात. हे ध्यानात घेतलं की अर्धा राग तिथेच ओसरतो. सरकारी खात्यात कोण कुठल्या लेव्हलवर आहे हे साऱ्या ऑफिसला ठाऊक असतं, वर्षाची 3 टक्के वाढही ठरलेली. पगार ही झाकून ठेवायची गोष्ट आहे, हेच त्यांच्या गावी नसतं. खासगीतला हिशेब वेगळा. तुम्ही "12 लाखांचं पॅकेज" म्हणालात की काका 12 ने भागून महिन्याला लाख धरतात. त्या पॅकेजात कंपनीने भरलेला पीएफ, ग्रॅच्युइटी, मिळाला तर मिळणारा बोनस असं सगळं धरलेलं असतं. शिवाय तुमच्या वाट्याचा पीएफ आणि टॅक्स कापून हातात काय येतं, हे ऐकायला तेव्हा कोणी थांबत नाही. गणपती विसर्जनाला निघेपर्यंत तो लाख वाडाभर फिरून येतो. मुद्दाम कमी सांगितलात, तर तोच आकडा उद्या स्थळ बघताना आडवा येतो. म्हणून आकडा सांगूच नये, खरा नाही आणि खोटाही नाही.

माझं मत असं की विषय बदलायला जाऊ नये, विषय पैशांचाच ठेवावा. काका आकडे ऐकायच्या तयारीत बसलेले आहेत, तर त्यांना दुसरे आकडे द्यावेत. "काका, पहिल्या तारखेला दिसतात, पंधरा तारखेला शोधावे लागतात! यंदा माटोळीचं सामान कितीला पडलं हो? नारळाची पेंड, सुपारीचा घड, सगळंच महागलंय म्हणे." पहिलं वाक्य हसवतं, दुसरं त्यांना बोलायला लावतं. मधे थांबू नका. हशा झाला आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्या शांततेत तोच प्रश्न परत येतो. माटोळीचं नाव काढलं की चिबूड कुणी किती सांगितला, कांगलां पूर्वी रानातून फुकट कशी आणायचे, इथपासून पाचजण एकदम बोलायला लागतात आणि पगार मागे पडतो.

काही काका चिवट असतात. "ते राहू दे, आकडा सांग." इथे दुसरा विनोद करू नये. दुसऱ्यांदा हसण्यावारी नेलं की त्यांना आपली थट्टा होतेय असं वाटतं, आणि चारचौघांत मान गेल्याचं दुःख ते पुढच्या चवथीपर्यंत धरून बसतात. आवाज खाली आणून सरळ सांगावं, "काका, आकडा आईबाबांना ठाऊक आहे, तेवढं पुरे ना? चला, पानं मांडायला घेऊ." आणि खरोखर उठावं. पानं मांडणाऱ्या माणसाला कोणी अडवत नाही.

"तुमचं पेन्शन किती ते आधी सांगा" हे उत्तर अनेकांना खास वाटतं, पण ते अंगाशी येतं. काका पेन्शन रुपयापर्यंत सांगून मोकळे होतात, मग पाळी तुमची. त्यांच्या मुलाच्या नोकरीवर घसरणं तर मुळीच नको. तो मुलगा तिथेच कोपऱ्यात बसलेला असतो आणि त्याने तुमचं काहीच बिघडवलेलं नसतं.

"सरकारी नोकरीचं बघत नाहीस?" याला उत्तर सोपं आहे. "जाहिरात दिसली की मला पाठवा हं, तुमची नजर बारीक." काम त्यांच्याकडे गेलं की टोमणा उरत नाही. लग्नाचंही तसंच. "आधी तुळशीचं होऊ दे, मावशी, मान तिचा पहिला. ऊस यंदा कुठून आणताय?" मात्र "पुढच्या वर्षी बघू" असं सुटकेसाठी बोलू नये. मावशी ते वर्ष विसरत नाही.

एका प्रश्नाला मात्र मी विनोदी उत्तर सुचवणार नाही. "पाळणा कधी हलणार?" घरातल्या सुनेला हे विचारलं जातं तेव्हा डॉक्टरांच्या किती खेपा चालल्यात, काय होऊन गेलंय, विचारणाऱ्याला काही ठाऊक नसतं. तिला हसून उत्तर द्यायला लावणं क्रूर आहे. तिथे बोलायचं ते नवऱ्याने, किंवा नणंदेने, आणि तेही लगेच: "आत्या, तो विषय नको. वहिनी, जरा आत येतेस? नेवऱ्या काढायच्यात." आत्याला नंतर एकटीला गाठून शांतपणे सांगावं की हा प्रश्न पुन्हा विचारू नका, तिला लागतो. बहुतेक आत्या हे ऐकतात, कारण चारचौघांत कोणी त्यांना खाली पाहायला लावलेलं नसतं.