तान्हा पोळा, पण कोणत्या सालचा?

परवा लंच टाइममध्ये कोर्टाबाहेर चहा पिता पिता माझा ज्युनिअर म्हणाला, "सर, युद्धात कत्तली करणारा माणूस कोणत्याही देशात सापडला तर तिथलंच कोर्ट त्याच्यावर केस चालवू शकते, याला युनिव्हर्सल ज्युरिस्डिक्शन म्हणतात ना? मग अडते कुठं?" मी म्हटलं, तारखेत अडते बे. त्याला वाटलं मी कोर्टाच्या तारखांबद्दल बोलतोय.

तर ऐका, फिनलंडची केस आहे. जिब्रिल मसाक्वा म्हणून सिएरा लिओनचा माणूस, तिथल्या आरयूएफ या बंडखोर टोळीचा मोठा कमांडर. तिथलं युद्ध संपल्यावर यानं राजधानी फ्रीटाउनमधल्या, युद्धगुन्ह्यांसाठी बसवलेल्या स्पेशल कोर्टाला आपल्याच लोकांविरुद्ध माहिती दिली आणि पुढे 2008 साली त्याला फिनलंडमध्ये वसवण्यात आलं. मार्च 2020 मध्ये तिथल्या पोलिसांनी त्याला उचललं. आरोप शेजारच्या लायबेरियातले, म्हणजे खून, बलात्कार, गावात माणसं घरात कोंडून जाळणं. आरोपी परका, मेलेले परके, जागा हजारो किलोमीटर लांब, आणि केस टांपेरे नावाच्या शहरातल्या जिल्हा कोर्टात.

आता साक्षीदार आणायचे कसे? लायबेरियातल्या खेड्यातल्या बाईवर फिनलंडच्या समन्सचा काही जोर चालत नाही. म्हणून 2021 मध्ये कोर्टच उठून गेलं, जज, सरकारी वकील, बचावाचे वकील, दुभाषे सगळे लायबेरियाची राजधानी मोनरोव्हियाला, मग सिएरा लिओनला, तेही कोविडमध्ये, आणि अर्थात तिथल्या सरकारनं हो म्हटलं म्हणून. जज लोक लायबेरियाच्या लोफा भागातल्या गावांत जाऊन जागा पाहून आले. आपल्याकडे स्पॉट इन्स्पेक्शनला कन्हानपलीकडे जायचं म्हटलं तरी गाडीवरून भांडणं होतात, ते सोडा.

एवढं करूनही केस फसली ती मोनरोव्हियातल्या वॉटरसाइड बाजाराच्या गोळीबारावर. सुरुवातीला तपासात ही घटना 2001 च्या आसपासची धरली होती. पण कोर्टासमोर बरेच साक्षीदार म्हणाले, "वर्ल्ड वॉर"च्या वेळी झालं. तिथले लोक 2003 च्या जून-जुलैमध्ये राजधानीवर झालेल्या तीन हल्ल्यांना वर्ल्ड वॉर एक, दोन, तीन म्हणतात! म्हणजे काळ सरकला 2003 वर, आणि सरकारी पक्षानं चार्जमधला काळ बदलून घेतला. आणि 2003 मध्ये हा माणूस कुठं होता? फ्रीटाउनला, स्पेशल कोर्टाच्याच सेफ हाऊसमध्ये, संरक्षणाखाली! सरकारी पक्ष म्हणाला, तिथून निसटून जाऊन येणं शक्य होतं. पण शक्य असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं हो. 29 एप्रिल 2022 ला निर्दोष सुटला. अपिलात पुन्हा आफ्रिकेत जाऊन साक्षी झाल्या, जानेवारी 2024 मध्ये तिथंही निर्दोष.

काही लोक म्हणतात साक्षीदार खोटे होते, पढवलेले होते, बचावाच्या वकिलांनीही तेच लावून धरलं. मला सरसकट तसं वाटत नाही. वीस वर्षांनी माणसाला जाळलेलं घर आठवते, साल आठवत नाही. माझ्याच एका जुन्या जमिनीच्या मारामारीच्या केसमध्ये म्हातारा साक्षीदार म्हणाला, "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झालं साहेब." समोरचा वकील लगेच, "कोणत्या साली?" म्हातारा म्हणाला, "ज्या साली माहा बैल वीज पडून मेला." कोर्ट हसलं. पण आम्ही तलाठ्याकडून त्या बैलाचा पंचनामा काढला, साल मिळालं, पोळा म्हणजे श्रावण अमावस्या, तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, तारीख फिक्स.

लोफाच्या जंगलात युद्ध चालू असताना कोण पंचनामा करणार होतं? म्हणून माझं मत असं की अशा केसमध्ये तपास अधिकाऱ्यानं "हा माणूस ओळखता का" हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावं, तेव्हा भात कापला होता का, मूल केवढं होतं, लायबेरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर अजून गादीवर होता की गेला होता (तो 11 ऑगस्ट 2003 ला देश सोडून गेला). लोकांचं कॅलेंडर आधी, आरोपीचं नाव नंतर. उलटं केलं की काळ नावामागे ओढला जाते, आणि दुभाष्याच्या तोंडून फिनिशमध्ये पोहोचेपर्यंत "त्या लढाईच्या वेळी" याचं काहीतरी भलतंच होते.

ज्युनिअरनं मग विचारलं, आपल्याकडे होऊ शकते का असं काही? मी म्हटलं, जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अॅक्ट 1960 आहे ना, कलम 3 मध्ये भारताबाहेर कोणीही केलेला जिनिव्हा करारांचा गंभीर भंगसुद्धा येते. पण कलम 17 वाच, सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखलच घेऊ शकत नाही. म्हणजे तू-मी अर्ज घेऊन गेलो तर क्लार्क टेबलावरूनच परत पाठवणार.

तो म्हातारा आता नाही. त्या पंचनाम्याची झेरॉक्स अजून माझ्या फायलीत आहे, बैलाचा रंग पांढरा, वय अंदाजे सहा वर्षं, खाली दोन पंचांचे अंगठे.