काकी, माकडं आणि आमचा भोंगा

आमच्याकडे कुडाळच्या बाजूला लाल तोंडाची माकडं परसात उतरतात तेव्हा चवळी, शहाळी, भोपळ्याची फुलं, काहीच सोडत नाहीत. म्हणून मी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, एक कॅमेरा आणि गाडीचा बारा व्होल्टचा भोंगा जोडून माकड दिसलं की वाजेल असं यंत्र बसवलं. माकड दिसणं सोपं आहे हो, माकड *नसताना* ते न दिसणं हा खरा ताप.

पहिली गंमत म्हणजे फोटोत काय काय आहे ते ओळखणारं योलो नावाचं जे तयार मॉडेल फुकट मिळतं ते कोको नावाच्या फोटोसंग्रहावर शिकलेलं असतं आणि त्यात 80 प्रकारच्या गोष्टी आहेत. जिराफ आहे, झेब्रा आहे, हॉटडॉगसुद्धा आहे. माकड नाही! त्यामुळे आमच्या माडावर बसलेलं माकड त्याला कधी `dog` वाटायचं, कधी `bear`, आणि नीट मांडी घालून बसलं की सरळ `person`. म्हणजे मग आपल्याच परसातले फोटो काढा, एकेका माकडाभोवती चौकोन ओढा आणि मॉडेलला नव्याने शिकवा. हे काम चवळी निवडण्याइतकंच कंटाळवाणं आहे, फक्त शेवटी उसळ मिळत नाही.

शिकवून झालं, भोंगा जोडला, आणि काकी भाजी काढायला वाकली. राखाडी लुगडं, पाठ वाकलेली, हात जमिनीला. स्क्रीनवर `monkey 0.71`, म्हणजे मॉडेलला माकड असल्याची खात्री एकातली 0.71. भोंगा असा वाजला की काकीच्या हातातली टोपली एकीकडे, चवळी दुसरीकडे. "मेल्या, मी तुका वांदर दिसतंय काय?" एवढंच बोलली पण ते अख्ख्या वाडीने ऐकलं.

आता हिशोब बघा. कॅमेरा सेकंदाला 5 फोटो तपासतो, दिवसाउजेडी 12 तास, म्हणजे रोज 2 लाख 16 हजार फोटो (माकडं रात्री येत नाहीत, तेवढी एक सवय त्यांची चांगली). मॉडेल हजारात फक्त एकदा चुकलं, म्हणजे 99.9 टक्के बरोबर, कुठल्याही परीक्षेत पहिला नंबर, तरी दिवसाला 216 वेळा खोटं माकड! म्हणून एका फोटोवर भोंगा वाजवायचाच नाही, शेवटच्या 10 पैकी 7 फोटोंत माकड दिसलं तरच. दीड-दोन सेकंद उशीर होतो, पण झावळीची सावली, उडता कावळा, क्षणभराचं ऊन, हे सगळं गळून जातं.

गळत नाही ते बुजगावणं. माकडांसाठी बांधलेलं गोणपाटाचं बुजगावणं मॉडेलला दहाच्या दहा फोटोंत माकड दिसायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तिथे 7 मतं काय आणि 10 काय. मग डोकं लावलं की जो चौकोन हलत नाही तो माकड नाही. लगेच एक माकड चवळीच्या वाफ्यात येऊन बसलं आणि न हलता निवांत खात बसलं, आणि भोंगा गप्प. शेवटी उपाय निघाला तो साधाच: बुजगावण्याचे, गोणपाटाचे, वाकलेल्या काकीचे (तिच्या परवानगीने!) ढीगभर फोटो, चौकोन न ओढता, "यात माकड नाही" म्हणून ट्रेनिंगमध्ये घातले. शिवाय माणूस हाही वेगळा वर्ग शिकवला आणि तो फ्रेममध्ये असला तर भोंगा बंद. तशीही माणूस असताना गरज कुणाला, काकी स्वतःच भोंगा आहे.

हे सगळं शेजाऱ्यांच्या झोपेसाठी वाटेल, पण खरं कारण माकडंच आहेत. विनाकारण वाजणारा भोंगा ऐकून ऐकून ती शिकतात की याच्या मागून काही येत नाही, आणि मग खरा वाजला तरी मान वर करून परत शहाळं सोलतात. म्हणून आवाज आलटून पालटून ठेवलेत, कधी भोंगा, कधी कुत्र्याचं भुंकणं, कधी फटाक्याचा, आणि भोंग्याबरोबरच काकीच्या फोनवर मेसेज जातो. मागून काठी घेऊन काकी आली की त्या आवाजाला वजन येतं. नुसत्या आवाजाचं वजन लवकर उतरतं.

राहिला प्रश्न, मॉडेलची खात्री कितीच्या वर गेली की माकड धरायचं, तो आकडा किती ठेवायचा. 0.5 ठेवला तर एकही माकड सुटत नाही पण म्हशीच्या शेपटीलाही भोंगा वाजतो, 0.8 ठेवला तर पानांआड अर्धं दिसणारं माकड आरामात जेवून जातं. यावर काकीने नियम घालून दिलाय: काठी घेऊन धावत गेले आणि माकड नसलं तर त्या दिवशी तुला माशांची कढी नाही. त्यामुळे दुपारी जेवण होईपर्यंत आमचं यंत्र 0.75 वर चालतं, आणि कढी पोटात गेली की 0.6 वर.