बुटांचे काळे डाग, टूथपेस्ट आणि ॲसिड

«बुटांचे काळे डाग म्हणजे आत मुरलेला रंग. भिंत असो की टाइल्स, टूथपेस्ट लावून तारेच्या घासणीने जोरात घासा. तरी राहिला तर बाथरूमचं ॲसिड टाका, पाच मिनिटांत चकाचक!»

वरच्या सल्ल्यातले, डाग आत मुरतो, हे गृहीतच चुकीचे आहे. बुटाचा काळा तळवा म्हणजे काजळी मिसळलेले रबर. तो गुळगुळीत पृष्ठभागावर ओढला गेला की घर्षणाने तापतो आणि त्याचा पातळ थर तिथे चिकटून राहतो. चकचकीत टाइलवर ती रेघ नखाने हळूच खरवडून पाहावी: काळे कण नखाला लागले आणि खाली चमक शाबूत दिसली, तर तो निव्वळ रबराचा थर आहे. नख खाचेत अडकले, तर तो डाग नसून ओरखडा आहे आणि कोणत्याही पुसण्याने जाणार नाही.

टाइलवर तारेची घासणी फिरवली की टाइल घासण्याऐवजी घासणीच झिजते, कारण विट्रिफाइड टाइल लोखंडापेक्षा कठीण असते. त्या झिजेच्या करड्या रेघा टाइलवर बसतात, पाहणाऱ्याला त्या नवे डाग वाटतात, आणि मग आणखी जोर लावला जातो. तुटलेले तारेचे बारीक तुकडे सांध्यात राहिले, तर बेळगाव-खानापूरच्या पावसाळी ओलीत त्यांना गंज चढू शकतो.

भिंतीचे नुकसान याहून मोठे, आणि ते मी आमच्या शहापुरातल्या घरी स्वतः करून बसले आहे. जिन्याशेजारच्या मलई रंगाच्या मॅट इमल्शनवर मुलाच्या शाळेच्या बुटांची वीतभर रेघ होती. टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत पूड असते. ती लावून मी ओल्या कापडाने घासले आणि रेघ गेलीही. संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर मात्र बाजूने पाहताना तिथे तळहाताएवढा चकाकणारा ठिपका दिसला, कारण मॅट रंगाचा खडबडीतपणाच घासला गेला होता. त्यावर उरलेल्या डब्यातला रंग लावून पाहिला, तर तो तुकडा वेगळाच उठून दिसू लागला. अखेर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंत रंगवावी लागली.

ॲसिडबद्दल थोडक्यात सांगते. बाथरूमसाठी मिळणारे ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक असते. ते रबरावर वा काजळीवर काही परिणाम करत नाही, पण टाइलच्या सांध्यातले सिमेंट खाते आणि त्याच्या वाफेने जवळचे नळ-कड्या गंजतात. त्याच फरशीवर ब्लीचिंग पावडर वापरलेली असेल, तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

मग करावे काय? टाइल कोरडी असतानाच शाळकरी मुलांचा पांढरा खोडरबर घ्यावा आणि एकाच दिशेने छोट्या छोट्या फटक्यांनी रेघेवर फिरवावा. थराचे काळे गोळे होऊन निघू लागतात. ते झाडून मग ओल्या फडक्याने पुसावे. जाड थर उरलाच, तर रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन फडक्यावर चार-पाच थेंब घेऊन पुसावे. त्या वेळी खिडकी उघडी आणि गॅस बंद असावा. नंतर साबणाच्या पाण्याने फरशी धुवावी, नाहीतर पाय घसरतो.

भिंतीला मात्र आधी कोणत्या प्रकारचा रंग दिला आहे हे पाहायला हवे. दाराआड, सहज न दिसणाऱ्या जागी पांढरे ओले फडके दाबून पुसावे. फडक्यावर रंग उतरला, तर ते डिस्टेंपर किंवा चुना आहे. तिथे पाणी लावूच नये, खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवावा आणि जेवढे निघेल तेवढ्यावर थांबावे. रंग उतरला नाही, तर ते बहुधा इमल्शन किंवा ऑइलपेंट आहे. तिथे खोडरबरानंतर मगभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने टिपावे. टर्पेंटाइन किंवा स्पिरिट भिंतीवर नको. स्पिरिटने इमल्शन मऊ पडते आणि टर्पेंटाइनने ताजे ऑइलपेंट.

पांढरा मॅजिक स्पंज उपयोगी आहे, पण तोही घासूनच काम करतो. मॅट भिंतीवर तो वापरायचाच असेल, तर ओला करून, पिळून, दोन-तीनदा नुसता टेकवत फिरवावा आणि दर वेळी बाजूने उजेड टाकून पाहावे. चकाकी दिसू लागली की उरलेली फिकट रेघ तशीच राहू द्यावी. चकाकणाऱ्या ठिपक्यापेक्षा ती कमी डोळ्यांत येते.